बळीरामचं पत्रा कापायचं यंत्र

बिदर जिल्ह्यातल्या राजेश्वर गावात हायवेला लागून बळीरामचं वेल्डिंगचं दुकान आहे. ट्रॅक्टरवर चालणारी पेरणी यंत्रं तो बनवतो. बसवकल्याणपासून मुडबीपर्यंत त्याच्या यंत्राला नाव आहे. बी दाटीनं पडत नाही, नळी तुंबत नाही, असं शेतकरी सांगतात.

हे काम तो हावगेप्पाच्या कारखान्यात शिकला. बसवकल्याणला पत्रा कापायची आणि वाकवायची मोठी यंत्रं एकट्या हावगेप्पाकडे होती. त्यातल्याच एका यंत्राखाली बळीरामची करंगळी गेली. हावगेप्पानं दवाखान्याचं बिल भरलं आणि पुढच्या महिन्यात ते पगारातून कापून घेतलं. त्या दिवशी बळीरामनं काम सोडलं. पण स्वतःचं दुकान घातल्यावरही पत्रा कापायला त्याच दारात जावं लागे. पेरणीच्या तोंडावर हावगेप्पाचा पोरगा शिवशरण त्याचा पत्रा मुद्दाम मागं ठेवी. गिऱ्हाईक तोवर दुसरीकडे जाई.

शेवटी बळीरामनं बँकेला कर्जाचा प्रस्ताव लिहिला. त्याची बायको सावित्रीबाई दुकानात रंगकाम करायच्या, हिशेबही त्याच बघायच्या. दोघांनी मिळून लिहिलेल्या पत्रात ‘यंत्र घेण्यासाठी खेळतं भांडवल पाहिजे’ असं होतं. मॅनेजर सुनीलकुमार यांनी ते वाचून समजावलं, की खेळतं भांडवल हे लोखंड, रंग, मजुरी यांच्यासाठी असतं आणि ते वर्षभर फिरत राहतं. यंत्र पाच-सात वर्षं चालणार, त्याला मुदतीचं कर्ज वेगळं मागा. दोन्ही एकात घातलं तर पेरणीच्या वेळी लोखंडाला पैसा उरणार नाही.

पत्र पुन्हा लिहिलं. यंत्राच्या किमतीतला चौथा हिस्सा स्वतःचा, बाकीचं बँकेचं. पहिले सहा महिने फक्त व्याज, नंतर पाच वर्षांत तिमाही हप्ते. सावित्रीबाईंनी सगळे हप्ते सारखे ठेवले नाहीत. खरीप आणि रब्बीची यंत्रं विकली गेल्यावर मोठा हप्ता, उन्हाळ्याच्या सुरुवातीला लहान. परतफेडीचा अर्धा भार बाहेरच्या कामावर होता. आजूबाजूच्या चार दुकानदारांनी ‘आम्ही आमचा पत्रा बळीरामकडे कापून घेऊ’ असं सही करून दिलं होतं. ती चार पत्रं प्रस्तावाला जोडली.

त्या चार दुकानदारांतल्याच एकानं ही गोष्ट हावगेप्पाच्या कानावर घातली.

शिवशरण भर दुपारी तीन माणसं घेऊन आला. बळीराम वाकून पेरणी यंत्राचा फण जोडत होता. लोखंडी पाइपाचा पहिला घाव त्याच्या पाठीत बसला. तो वळला, तसा दुसरा डाव्या हातावर. हाड मोडल्याचा आवाज सावित्रीबाईंना रंगाच्या खोलीत ऐकू आला. त्या धावत आल्या, तर एकानं त्यांना केसाला धरून शटरवर आपटलं. भुवई फुटली, डोळ्यात रक्त उतरलं. हाताला लागलेली हातोडी त्यांनी फिरवली आणि त्या माणसाचे दात पाडले. शिवशरण जात काढून शिव्या देत होता. थिनरचा डबा त्यानं तयार यंत्रांवर ओतला आणि काडी लावली. रस्त्यावर माणसं जमली होती. कुणी पुढं आलं नाही. शेजारच्या पंक्चरवाल्यानं तेवढी बादली आणली.

जाताना शिवशरण बळीरामच्या मोडक्या हातावर बूट ठेवून म्हणाला, “तुला यंत्र कामून पायजे? आमच्या दारात येत होतास, तेच बरं होतं.”

हाताची हाडं बिदरच्या दवाखान्यात दोन धातूच्या पट्ट्या घालून बसवली. केस नोंदली गेली, अॅट्रॉसिटीचं कलमही लागलं. शिवशरणला अटक झाली आणि काही आठवड्यांत तो जामिनावर बाहेर आला. हावगेप्पा दवाखान्यात येऊन शांतपणे म्हणून गेला, की केस मागं घे, यंत्र आपण भागीत घेऊ. बळीरामनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

चारपैकी तीन दुकानदारांनी आपली पत्रं मागं घेतली. तुळजाराम तेवढा राहिला. तो ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवतो. पुढच्याच आठवड्यात त्याच्या दुकानाच्या काचा फुटल्या. तरी तो बँकेत येऊन सांगून गेला, की माझी सही आहे तशीच आहे.

सुनीलकुमार जागा बघायला आले. काळ्या पडलेल्या भिंती त्यांनी फिरून बघितल्या. म्हणाले, की तीन पत्रं गेल्यावर हे हप्ते कागदावर बसत नाहीत, असा प्रस्ताव मी वर पाठवू शकत नाही.

बळीरामनं तिसऱ्यांदा पत्र लिहवून घेतलं. तो सांगे, सावित्रीबाई लिहीत. मोठ्या हायड्रॉलिक यंत्राऐवजी मोटरवर चालणाऱ्या लहान यंत्राचं कोटेशन जोडलं. बाहेरच्या कामात फक्त तुळजारामचं काम धरलं. बाकी सगळी परतफेड स्वतःच्या विक्रीवर मांडली, तीही जळालेला माल वजा करून. सावित्रीबाईंनी विचारलं, की मारहाणीचं लिहायचं का? बँक भिऊन जाईल.

“लिही,” तो म्हणाला. “उद्या दुसऱ्याकडून कळण्यापरीस आपणच सांगितलेलं बरं. केसचा नंबर बी टाक.”

मंजुरी आली, पण अटींसह. यंत्र बँकेकडे तारण, त्याचा आगीचा आणि चोरीचा विमा, आणि सरकारी हमी योजनेची फी. पैसे बँकेनं थेट हैदराबादच्या विक्रेत्याला पाठवले. यंत्र आणायला बळीराम स्वतः टेम्पोत बसून गेला. हात अजून पूर्ण वळत नव्हता.

परतताना हुमनाबाद सोडल्यावर मोटरसायकली आडव्या आल्या. दगडानं पुढची काच फुटली. टेम्पोचा ड्रायव्हर राजपाल याच्या कपाळातून रक्ताची धार लागली आणि टेम्पो रस्त्याखाली उतरून थांबला. शिवशरण मागच्या बाजूला चढून यंत्राच्या मोटरवर घण घालू लागला.

बळीराम जॅकचा दांडा घेऊन उतरला. पहिला घाव त्यानं शिवशरणच्या गुडघ्यावर घातला. शिवशरण खाली कोसळला. दुसरा घाव त्याच गुडघ्यावर, तिसराही. शिवशरण हात जोडत होता. त्याची माणसं पळून गेली होती, यंत्राला धोका उरला नव्हता. तरी बळीरामनं चौथ्यांदा दांडा उचलला, तो त्याच्या डोक्यात घालायला. रक्तानं आंधळा झालेल्या राजपालनं मागून बळीरामला दोन्ही हातांनी कवेत आवळलं.

“सोड गा आता,” राजपाल म्हणाला. “मरायलाय त्यो.”

शिवशरण मेला नाही. त्याचा पाय मात्र कायमचा वाकडा झाला. बळीरामवर उलट केस झाली. पहिले दोन घाव बचावात आले, तिसऱ्याचं काय, असं पोलिसांनी विचारलं. तो दहा-बारा दिवस आत होता.

तेवढ्या दिवसांत सावित्रीबाईंनी यंत्र बसवून घेतलं. मोटरला पोचा आला होता, पण ती चालली. तुळजारामनं पहिला पत्रा आणला. तो सावित्रीबाईंनी स्वतः कापला. पेरणी सरल्यावर पहिला मोठा हप्ता वेळेवर गेला, दुसराही गेला. पत्रं मागं घेतलेल्या तिघांपैकी दोघं आता गुपचूप पत्रा आणून देतात. बळीराम त्यांचं काम घेतो, दर मात्र तुळजारामपेक्षा जास्त लावतो.

दोन्ही केसेस चालू आहेत. कोर्टाच्या तारखेला तो आणि शिवशरण एकाच बाकाच्या दोन टोकांना बसतात. शिवशरणची कुबडी मध्ये आडवी असते.

बळीराम दर पौर्णिमेला बुद्धविहारात जातो. प्राण्याची हिंसा न करण्याचं पहिलं शील म्हणायची वेळ आली, की तो उठून बाहेर पायरीवर जाऊन बसतो. सावित्रीबाईंनी एकदा विचारलं, की शिवशरणनंच आधी मारलं होतं, मग तुम्ही कामून झुरता?

“मारलं त्याचं न्हाई वाटत,” तो म्हणाला. “तिसऱ्या घावाला मला बरं वाटलं होतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मुडबीच्या एका शेतकऱ्याची यंत्राची ऑर्डर होती. दोघांनी मिळून शटर वर केलं.