न वाचलेल्या मेलांचा आकडा

तलासरीच्या आमच्या धर्मादाय दवाखान्यात रक्ताचे रिपोर्ट मेलवर यायचे. ते रुग्णाच्या नोंदीला जोडून, काही वाईट निघालं तर गावच्या आशाताईला मेसेज पाठवायची स्क्रिप्ट मी लिहिली आणि क्रॉनला, म्हणजे सर्व्हरच्या गजराला, लावून दिली. दर पंधरा मिनिटांनी ती आपोआप चालायची आणि मेलबॉक्समधले न वाचलेले मेल उचलायची.

सुरुवातीला ती सगळे मेल एका दमात उचलायची. शिबिर झालं की मेल सर्व्हर वैतागायचा, ‘फार विनंत्या, नंतर या’ म्हणायचा आणि एरर लॉग ओळींनी भरून जायचा. मग मी एका खेपेला वीसच मेल ठेवले, तेही जुने आधी, आणि प्रत्येकानंतर दोन सेकंदांची विश्रांती. लॉग गप्प झाला. मी स्वतःवर इतकी खूश होते की आज आठवलं तरी लाज वाटते.

आषाढातल्या एका सोमवारी गरोदर बायांच्या शिबिराचे दीडशेच्या वर रिपोर्ट एकदम आले. विसाविसाने ते जायला दोन तास लागणार होते. लागू देत, म्हणून मी डहाणूला घरी निघून गेले.

गुरुवारी डोंगराकडच्या एका पाड्याची आशाताई भिजलेली छत्री दाराशी ठेवून आत आली. आठव्या महिन्यातल्या एका बाईचा रिपोर्ट हवा होता. मी ऐटीत लॉग उघडला, तर सोमवारपासून एकही चूक नव्हती. स्क्रिप्ट वेळेवर चालली होती. पण त्या बाईच्या नोंदीला रिपोर्टच जोडलेला नव्हता. मी सरळ मेल उघडले.

मेलबॉक्समध्ये रिपोर्ट होता, वाचलेला. त्याच्याखाली तसेच आणखी साठ-सत्तर.

आमचे क्लार्कभाऊ भला माणूस. दवाखान्याचा हाच मेलबॉक्स त्यांच्या फोनवरही होता आणि न वाचलेल्या मेलांचा लाल आकडा त्यांच्या डोळ्यांत खुपायचा, म्हणून सोमवारी मी निघाल्यावर तासाभरात त्यांनी सगळे मेल ‘वाचलेले’ करून टाकले होते. त्यांना काय बोलणार? थांबलेल्या मेलांवर मी दुसरी कुठलीच खूण ठेवली नव्हती. वाचलेल्या मेलकडे माझी स्क्रिप्ट बघतच नव्हती. जे तिला दिसलंच नाही, त्याची चूक ती कुठे लिहिणार?

अकरा तरी हवं तिथे हिमोग्लोबिन पाच होतं. मी आकडा मोठ्याने वाचला. आशाताई खुर्चीवर बसली.

“मॅडम, वाईट असलं की तुमचा मेसेज येतो, असं मला म्हाईत. नाय आला, म्हणून मीच तिला सांगितलं, जा लावणीला.”

दवाखान्याची जीप पाड्यावर पोचली तेव्हा ती बाई शेतात गुडघाभर चिखलात वाकलेली होती. डहाणूला नेऊन रक्त चढवलं. ती वाचली. बाळ पोटातच गेलं होतं.

आता स्क्रिप्ट प्रत्येक मेलची स्वतःची नोंद ठेवते आणि संध्याकाळी आलेले किती, गेलेले किती, ते ताडून बघते. आशाताईचा मात्र त्यावर विश्वास नाही. ती रोज पाचला फोन करते आणि एकेक बाई नावाने विचारते. मी प्रत्येक रिपोर्ट उघडून तिला वाचून दाखवते. मधे क्षणभर थांबले, तर तिकडून तिचा श्वास ऐकू येत नाही.