डॉक्टरबाईंना लिहिलेली दोन पत्रं

आठवा महिना लागला तेव्हा मी सानगडीला सासरी होते. नवरा चंद्रपूरकडे नोकरीला. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण माझी आई दोन वर्षांपूर्वीच गेली होती आणि वडिलांच्या घरी बाईमाणूस कुणी नव्हतं.

रात्री आडवी झाले की छातीत आग उठायची, घशाशी आंबट पाणी यायचं. पुढे विहिरीवरून घागर आणतानाही धाप लागू लागली. सासूबाई म्हणाल्या, जळजळ होते म्हणजे लेकराला जावळ भरपूर आहे. मी हसले, पण मग एकटीच खाटेला टेकून बसून राहिले.

शेवटी, ज्यांच्याकडे बाळंतपणासाठी नाव घातलं होतं त्या भंडाऱ्याच्या डॉक्टरबाईंना आंतरदेशीय पत्र लिहिलं. आमच्या घरात बी. ए. झालेली मी पहिलीच, पण पत्र लिहायचं म्हणजे मला अर्जच येत होता. ‘मा. डॉक्टरसाहेबांच्या सेवेशी’ अशी सुरुवात करून जळजळ, धाप, झोप यांची नीट कलमं पाडली.

आठवड्याने उत्तर आलं. थोडं थोडं खा, जेवून लगेच आडवी होऊ नकोस, डोक्याखाली उशा जास्त घे, डाव्या कुशीवर झोप. पोट वर चढतं, तेव्हा थोडी धाप लागतेच. बसल्या जागीही लागली तर मात्र लगेच निघून ये. खाली एक ओळ अधोरेखित होती : ‘रक्तवाढीच्या गोळ्यांबद्दल एक अक्षरही लिहिलेलं नाही. का?’

त्यांनीच दिलेल्या त्या गोळ्या मी दीड महिन्यापूर्वीच बंद केल्या होत्या. सासूबाई म्हणाल्या होत्या, “कायले खाते वो त्या गोळ्या? लेकरू मोठं होते, मंग तुलेच जड जाईन.” त्यांच्या बोलण्यात माया होती. त्यांची थोरली लेक बाळंतपणात गेली होती. मी वाद घातला नाही. गोळ्या ट्रंकेत, पदवीच्या कागदाखाली ठेवून दिल्या. जेवणही त्याच भीतीने कमी केलं होतं. शिकलेल्या बाईने हे डॉक्टरला कसं लिहावं?

दुसऱ्या पत्रात तेच लिहिलं. त्यात कलमं नव्हती. उत्तराची वाट मात्र पाहवली नाही. तिसऱ्या दिवशी चूल पेटवायला बसले असताना, काही न उचलताच, धाप लागली. साकोलीला गाडी बदलून एकटीच भंडाऱ्याला गेले.

डॉक्टरबाईंनी पापणी ओढून पाहिली. रक्त तपासलं, फारच कमी भरलं. टेबलावर माझं दुसरं पत्र उघडं होतं.

“पहिलं पत्र फार सुवाच्य होतं,” त्या म्हणाल्या. “कामाचं हे आहे.”

बाळंत होईपर्यंत त्यांनी मला तिथेच ठेवून घेतलं. लोहाची इंजेक्शनं दिली. शेजारच्या खाटांवर बायकांच्या आया डबे घेऊन यायच्या. मी भिंतीकडे तोंड करून, डाव्या कुशीवर पडून असायचे.

मुलगी नीट झाली. सासूबाई बघायला आल्या, तिच्या डोक्यावरून हात फिरवला. डोक्यावर जावळ जवळजवळ नव्हतंच.