करार संपला तर

नव्या क्लायंटला आम्ही एक पत्र पाठवायचो. कामाला सुरुवात करण्याआधी, करारासोबत. आम्ही म्हणजे मी आणि माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. कोलशेतला एका इमारतीच्या तळमजल्यावर आमचं दोन टेबलांचं ऑफिस होतं. छोट्या दवाखान्यांची, दुकानांची, क्लासेसची सोशल मीडियाची पानं आणि अपॉइंटमेंटचं ऑनलाइन वेळापत्रक सांभाळायचं, हा आमचा धंदा. पत्राचा मजकूर मी आधी जिथे नोकरी करायचे तिथून उचललेला होता. खरं सांगायचं तर शेवटची दोन पानं मी स्वतः कधी नीट वाचलेली नव्हती.

डोंबिवलीच्या एका स्पीच थेरपिस्ट बाईंनी ते पत्र परत पाठवलं. उशिरा बोलणाऱ्या, अडखळत बोलणाऱ्या मुलांसाठी त्यांचं केंद्र होतं. बाईंचं वय पन्नाशीच्या पुढचं. पत्रातल्या एका वाक्याखाली पेन्सिलीने रेघ होती. ‘करार संपुष्टात आल्यास एजन्सीने तयार केलेली सर्व खाती व माहिती एजन्सीच्या मालकीची राहील.’ आणि समासात बारीक, वळणदार अक्षरात लिहिलं होतं : ‘मग माझं काय राहील?’

मी फोन केला. हे नुसतं कायद्याच्या भाषेतलं वाक्य आहे, सगळेच लिहितात, असं काहीतरी सांगायला लागले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, दुपारी दीड ते तीन मुलं नसतात, तेव्हा या.

दोन खोल्यांचं केंद्र. बाहेरच्या खोलीत पालकांसाठी बाक, आतल्या खोलीत भिंतीला लहान मुलाच्या उंचीवर लावलेला आरसा. त्यात बघून मुलं ओठ कसे मिटायचे, जीभ कुठे लावायची ते शिकतात, असं त्यांनी मला सांगितलं. मग डबा बाजूला सारून त्यांनी आधीच्या एजन्सीबद्दल सांगितलं. राग नव्हता आवाजात. तिथला काम बघणारा मुलगा चांगला होता, म्हणाल्या. त्यानेच त्यांचं वहीतलं वेळापत्रक कॉम्प्युटरवर आणलेलं. कोणत्या मुलाची वेळ कधी, पालकांचे नंबर, आदल्या दिवशी जाणारा आठवणीचा मेसेज, सगळं त्याने लावून दिलं. फक्त खातं उघडलं ते एजन्सीच्या ईमेलवर आणि एजन्सीच्या फोन नंबरवर. तेव्हा बाईंना ते सोयीचंच वाटलेलं. ओटीपी आपल्याला येत नाही, कटकट नाही.

वर्ष संपल्यावर त्यांनी करार वाढवला नाही. एजन्सीने कराराप्रमाणे खातं बंद केलं. त्या सकाळी बाईंनी स्क्रीन उघडली तर लॉगिनच होईना. पुढच्या कित्येक आठवड्यांच्या वेळा त्यात होत्या. त्यांनी फोन केला तेव्हा समोरच्याने कराराचं तेच वाक्य वाचून दाखवलं.

“पंधरा दिवस मी सकाळी नऊला दार उघडून बसायचे,” त्या म्हणाल्या. “कोण कधी येणार, मलाच माहीत नव्हतं. जो येईल त्याला विचारायचं, तुमची वेळ कुठली होती हो?”

त्यातल्याच एका दिवशी आंबिवलीहून एक वडील सहा वर्षांच्या मुलीला घेऊन आले. अर्ध्या दिवसाची रजा काढून. मुलीला ठरलेली गोष्ट ठरलेल्या वेळी लागायची. तोच बाक, तीच खोली, तीच वेळ. आत दुसरंच मूल बसलं होतं, कारण त्याच्या आईला ती वेळ आपली आहे असं आठवत होतं. आपल्या खोलीतून दुसऱ्याचा आवाज येतोय म्हटल्यावर मुलगी उंबऱ्यावरच आडवी पडली आणि उठेना. वडिलांनी तिला उचलून नेलं. नंतर दीड महिना ती आली नाही. तिला तेव्हा नुकते दोन शब्द एकत्र बोलता यायला लागले होते.

“त्यांचा दोष नाही म्हणत मी,” बाई म्हणाल्या. “सही माझीच होती. पण तुमच्या पत्रातही तेच वाक्य आहे.”

मी सुधारून पाठवते, एवढंच म्हणाले आणि निघाले.

ऑफिसात आल्यावर मैत्रिणीला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मुलीची गोष्ट ऐकताना तिने लॅपटॉप मिटला होता. पण ते वाक्य काढायचं म्हटल्यावर ती अडली. तिचं म्हणणं होतं की एवढी एकच गोष्ट आहे जिच्यामुळे क्लायंट आपल्याला सहज सोडत नाही. सगळं त्यांच्याच नावावर केलं तर उद्या कुणीही उठून जाईल.

“अगं, पण सोडता येत नाही म्हणून थांबलेला माणूस आपला क्लायंट असतो का?” मी विचारलं.

“असतो,” ती म्हणाली. “महिनाभर तरी असतो.”

तिच्या भीतीला मी हसले नाही. तिच्या घरात ती एकटी कमावणारी होती आणि हे ऑफिस आम्ही फार मेहनतीने उभं केलं होतं. पण त्या संध्याकाळी मी आमच्या सगळ्या क्लायंटची यादी काढली आणि प्रत्येकापुढे लिहीत गेले, ओटीपी कुणाच्या फोनवर येतो. यादीच्या शेवटापर्यंत एकच उत्तर होतं. माझ्या. मागच्या वर्षी मला डेंग्यू झाला होता, चार दिवस फोन बंद होता. तेव्हा ऐन सणात एका मिठाईवाल्या काकांना स्वतःच्या दुकानाच्या पानावर शिरता आलं नव्हतं. नंतर आम्ही तो किस्सा हसत हसत सांगायचो. त्या दिवशी यादी बघताना हसू आलं नाही.

पत्र मी नव्याने लिहिलं. तीनदा. पहिल्या खर्ड्यात मी ‘सर्व डेटा क्लायंटचा राहील’ असं लिहिलं. बाईंनी परत पाठवलं. डेटा म्हणजे काय, ते मला कळेल असं लिहा, म्हणाल्या. पुढे ठरलेल्या वेळा त्यात आल्या का? पालकांचे नंबर आले का? आधीच रांगेत लावलेले मेसेज आणि पोस्ट यांचं काय होणार? त्यांचे प्रश्न इतके नेमके होते की मलाच काही उत्तरं शोधावी लागली.

शेवटी पत्रात लिहिलं ते असं. प्रत्येक खातं तुमच्या ईमेलवर आणि तुमच्या नंबरवर उघडलं जाईल, मालक म्हणून तुमचंच नाव राहील. आम्हाला तुम्ही फक्त काम करण्यापुरती परवानगी द्याल, ती तुम्हाला कधीही काढता येईल. जिथे अशी परवानगी देता येत नाही आणि पासवर्ड लागतोच, तिथे तो आमच्या कुणाच्या डोक्यात किंवा वहीत नाही, तर पासवर्ड ठेवायच्या कुलूपबंद, सामायिक डिजिटल तिजोरीत राहील आणि शेवटच्या दिवशी तुम्ही तो बदलाल. फोन हरवला तर उपयोगी पडणारे कोड छापून तुमच्या कपाटात राहतील. वेळापत्रक, पालकांचे नंबर आणि पुढच्या सगळ्या वेळा तुमच्या. दर महिन्याला त्यांची प्रत तुम्हाला फाइलमध्ये मिळेल, करार संपेपर्यंत थांबावं लागणार नाही. मुलांच्या तपासणीच्या नोंदी आम्हाला दिसणारच नाहीत. आणि करार संपल्यावर आमच्याकडची प्रत आम्ही पुसू, तुमच्यासमोर.

एक गोष्ट आमची राहणार होती, तीही लिहिली. पोस्ट आधीच लावून ठेवायचं सॉफ्टवेअर आमचं होतं, सगळ्या क्लायंटसाठी एकच. ते देता येत नव्हतं. त्यातल्या पोस्टचा मजकूर, चित्रं आणि तारखा मात्र आम्ही देऊ. त्या सॉफ्टवेअरची तुमच्या पानाशी असलेली जोडणी काढली की रांगेतल्या पोस्ट आपोआप जाणार नाहीत, हेही स्पष्ट लिहिलं.

मैत्रिणीने ते पत्र वाचलं, एक शब्द सुधारला आणि सही केली. बाईंनीही केली.

काम छान चाललं. सुरुवातीला वेळा परत भरताना मी एकेका पालकाला फोन केले होते. आंबिवलीच्या वडिलांशीही तेव्हाच बोलले. त्यांनी जपून विचारलं, आता वेळ बदलणार नाही ना? मी म्हटलं, बदलली तर आधी कळवू. नंतर एकदा केंद्रावर गेले असताना ती मुलगी बाकावर बसलेली दिसली. पायातले बूट काढून सरळ रेषेत लावत होती. मी तिच्याशी बोलले नाही. तिची वेळ व्हायला पाच मिनिटं होती आणि ती घड्याळाकडे बघत होती.

सव्वा वर्षाने बाईंचा फोन आला. त्यांची एक जुनी विद्यार्थिनी आता केंद्रात पूर्णवेळ यायला लागली होती आणि हे सगळं तीच बघेल म्हणाली होती. करार संपवायचा होता. मी बरं म्हटलं, आवाज सांभाळून. फोन ठेवल्यावर खूप वाईट वाटलं. आम्ही चुकलो नव्हतो, तरी त्या जात होत्या. मैत्रीण समोर बसून सगळं ऐकत होती. मला वाटलं ती आता म्हणेल, ‘मी सांगितलं होतं.’ ती उठून चहा सांगून आली.

ठरल्या दिवशी दीड वाजता मी केंद्रावर पोचले. खाती सोपवायचा प्रश्नच नव्हता. ती त्यांचीच होती. विद्यार्थिनीने एकेका ठिकाणी आमचं नाव काढलं आणि दोन पासवर्ड बदलले. ती बदलत असताना मी खिडकीबाहेर बघत होते. मग वेळापत्रकाची फाइल उतरवली आणि तिघींनी मिळून ती स्क्रीनवरच्या वेळांशी ताडून पाहिली, एकेक नाव वाचत. एका मुलाची शनिवारची वेळ फाइलमध्ये दिसेना, म्हणून परत उतरवली. मी तारखांची मर्यादा चुकीची टाकली होती. रांगेत एक पोस्ट होती, पुढच्या आठवड्यात केंद्र दोन दिवस बंद असल्याची. ती आता आपोआप जाणार नाही, तुम्ही हाताने टाका, असं मी तिला सांगितलं, आणि तिने लगेच फोनमध्ये आठवण लावली.

मग माझ्या लॅपटॉपमधली प्रत पुसली. फोनमधले पालकांचे नंबरही. बाई म्हणाल्या, फोनमधलं राहू दे गं, एवढं काय त्यात. पण पत्रात लिहिलं होतं. आंबिवलीच्या वडिलांच्या नंबरावर बोट थोडं थांबलं. मुलगी आता किती बोलते, ते मला त्यांना कधीतरी विचारायचं होतं. मी तो नंबर पुसला आणि बाईंनाच विचारलं.

“पूर्ण वाक्य बोलते,” त्या म्हणाल्या. “परवा मला म्हणाली, तुम्ही आज उशीर केलात.”

आम्ही तिघीही हसलो. तीन वाजत आले होते, बाहेर बाकावर पहिलं मूल येऊन बसलं होतं. बाईंनी हात धुतले आणि आतल्या खोलीत गेल्या. विद्यार्थिनी मला दारापर्यंत सोडायला आली.

त्यानंतर आम्ही बाकीच्या क्लायंटची खातीही एकेक करून त्यांच्या नंबरांवर नेली. बरेच महिने लागले. मिठाईवाले काका वैतागले. मला कशाला हे ओटीपी, तुझ्याकडेच बरं होतं, म्हणाले. त्यांच्या सुनेला दोनदा समजावून सांगावं लागलं. या पत्रामुळे आणखी एक क्लायंट सहज निघून गेली, तिने आभाराचा मेसेजही केला नाही. मैत्रीण अजूनही म्हणते की मी जरा जास्तच दिलं. कधी कधी, महिनाअखेरीला, मलाही तसं वाटतं. पण ते पत्र आता नव्या क्लायंटला पाठवण्याआधी तीच एकदा मोठ्याने वाचते, आणि एखादं वाक्य तिला स्वतःला कळलं नाही तर माझ्याकडे परत सरकवते.