आसरा वर आल्या

लासुर्ण्याकडच्या आमच्या वस्तीवरची एक म्हातारी शेजारीण बारवेत उतरण्याआधी कमानीखाली थांबून विचारायची, "बायांनो, येऊ का?" मग कुणी हो म्हटल्यासारखी मान हलवायची. पाणी कितीही खाली गेलं तरी पायऱ्या तिथवर पोचायच्या. मध्यावर नक्षीच्या खांबांची ओवरी होती आणि तिच्या कोनाड्यात साती आसरा, पाण्यातल्या देवींचे शेंदरी दगड.

नव्वदनंतरच्या एका उन्हाळ्यात गाळ काढायला आम्ही डिझेल इंजिन लावून बारव एका सकाळीत उपसली. थोरला भाऊ गड्यांबरोबर गाळात उतरला, तेव्हा कोनाडा रिकामा दिसला. सातही दगड पदरात घेऊन म्हातारी काठावर बसलेली.

"बापू, बाया वर आल्यात. तुमीबी या."

"मग त्यास्नी च्या ठेव की, म्हातारे!" भाऊ खालून ओरडला.

सगळे हसले. ती हसली नाही, नुसती भावाकडं बघत राहिली. शेवटी अवघडून तो वर आला, चहाच्या निमित्तानं गडीही आले. कप हातात असतानाच ओवरी खांबांसकट कोसळली.

मी घराण्यातला पहिला बी.एस्सी. ती का कोसळली ते मला सांगता येतं. बारवेची भिंत चुन्याशिवाय रचलेली, तिच्या सांध्यांतून पाणी झिरपतं. आतल्या पाण्याचा आधार झटक्यात गेला आणि मागच्या ओल्या मातीनं दगड ढकलले. पण म्हातारीला आधी कसं कळलं, ते सांगता येत नाही.

भिंत पुन्हा बांधल्यावर मी विचारलं, "आजी, आसरा कधी बसवायच्या?"

"त्या न्हाय म्हणत्यात."

बारवेत अजून कुणी उतरत नाही. मीही नाही.