पाव वेगातली लढाई

मोबाइलवर लढाईचा गेम खेळणाऱ्या आमच्या चौकडीत पहिला मी, आणि आणखी तिघं होते म्हणतात. पुढारी तांडेल. बोटीवरच्या कप्तानाला तांडेल म्हणतात. हा खराखुरा बोटीवरचा, म्हणून गेममध्येही आम्ही त्याला तेच म्हणायचो. दुसरी त्याची कॉलेजात जाणारी बहीण, तिसरा एक रिक्षावाला दादा. संध्याकाळी जेटीवर मासळीच्या रिकाम्या क्रेटांवर बसून आम्ही खेळायचो.

एक दिवस तांडेलानं जाहीर केलं, "रविवारच्या मॅचला चौथा म्हणून संगमेश्वरचा एक पोरगा घ्यायचा म्हणतोय."

"आणि मी?"

"तू बोलतोस फार नि मरतोस लवकर."

मी उसळलो. आदल्याच दिवशी डोंगराच्या नकाशावर समोरचे चौघे एकट्यानं लोळवले होते. उभ्या जागी! पाय न हलवता! पापणीसुद्धा नाही! तेव्हा तांडेल स्वतः जखमी होऊन खडकामागे सरपटत होता, बहीण त्याला उठवायला धावत होती आणि दादा आधीच बाद झाला होता, त्यामुळे माझा पराक्रम बघायला साक्षीदार असा कुणी नव्हता.

"तुझ्या सांगण्यातलं निम्मं भरतीला सोडायचं, उरलेलं ओहोटीला," रिक्षावाला दादा म्हणाला. "रेकॉर्डिंग असेल तर दाखव."

रेकॉर्डिंग होतं! माझा फोन मी खेळतो तेव्हा कायम रेकॉर्डिंगवर असतो. इतिहासाचं नुकसान व्हायला नको. उद्यापर्यंत मिनिटाभराचा व्हिडिओ ग्रुपवर टाकतो, तो बघून चौथा कोण ते ठरवा, असं मी ठणकावलं.

घरी बसून कामाला लागलो. अख्ख्या मॅचमध्ये बराच वेळ मी एका न्हाणीघरात लपून बसलेलो होतो. डावपेच होते ते, पण सामान्य प्रेक्षकाला कळत नाहीत. कापलं. शेवटी जिंकल्यावरचा माझा नाच होता. तोही कापला. उरली पंधराएक सेकंदांची निखळ लढाई. तिच्यावर मी जागोजागी जाडजूड पिवळी अक्षरं बसवली: 'एक गेला!', 'दुसरा गेला!', 'वाघ जागचा हलत नाही!' आणि शेवटी 'चौघेही आडवे!'

मग सुचलं, स्लो मोशन पाहिजे. वीर पुरुष घाईत शोभत नाही. मी सगळ्या लढाईचा वेग पाव केला. बंदुकीचा आवाज एकदम रेडा रेकल्यासारखा यायला लागला, म्हणून तो बंद करून खाली ढोल-ताशा टाकला. पहिला माणूस पडतानाचा तुकडा मी इतक्या वेळा बघितला की फोन तापून त्यावर आंबोळी भाजली असती. मागचं-पुढचं बघायची गरजच काय? पाठवून दिला ग्रुपवर.

दुसऱ्या दिवशी जेटीवर पोचलो तर तिघं एका फोनवर डोकी घालून बसलेली. रिक्षावाला दादा क्रेटवरून घसरून खाली बसला होता नि डोळे पुसत होता.

"ये वाघा," तांडेलाची बहीण म्हणाली.

मी बघितलं आणि समुद्रात उडी मारावीशी वाटली. लढाई चौपट लांबली होती, पण अक्षरं जुन्याच जागी. एकही माणूस पडायच्या आत 'दुसरा गेला!' झळकत होतं. चारही शत्रू ठणठणीत उभे, आणि वर लिहिलेलं, 'चौघेही आडवे!' त्यानंतर दोघे पडले खरे, पण लगेच वाघ पाठ फिरवून पळत सुटला होता. एरवी डोळ्याचं पातं लवेपर्यंत संपणारं ते पळणं पाव वेगात संपता संपेना. ढोल-ताशाच्या तालावर, एकेक पाऊल उचलत, वरात निघाल्यासारखा मी पळत होतो.

"अरे शाण्या, आधी वेग ठरवायचा, मग अक्षरं टाकायची," ती म्हणाली. "क्लिप लांबली म्हणून अक्षरं आपण होऊन सरकत नाहीत या अ‍ॅपात."

"संगमेश्वरला फोन लाव," दादा म्हणाला.

तांडेल मात्र हसत नव्हता. तो बोटानं व्हिडिओ मागे घेत होता. "थांबा. हे काय उडालं?"

पळता पळता मी धुराचा डबा फेकला होता. नेहमीच्या वेगात दिसलाही नसता. इथं तो सावकाश गिरक्या घेत वर गेला, खडकावर आपटला आणि पलीकडे, सरपटणाऱ्या तांडेलाच्या पुढ्यात पडला. पांढऱ्या धुरात तांडेल दिसेनासा झाला. उरलेले दोघे शत्रू त्याला शोधत धुरात शिरले, आणि तिथं मी त्यांना टिपलं.

"तो धूर तुझा?" तांडेलानं मान वर केली. "त्याच्या आडोशानं हिनं मला उठवलं. मला वाटलं, हिनंच टाकला."

"तूच तसं समजलास, मी कुठे म्हटलं?" बहीण म्हणाली.

"मला वाचवायला टाकलास?"

आता खरं सांगायचं तर तो डबा मी स्वतः लपायला फेकला होता, घाबरून, नेम न धरता. पण 'घाबरून टाकलास का?' असं कुणी मला विचारलंच नव्हतं. मी फक्त समुद्राकडे बघितलं आणि एक खोल उसासा टाकला.

"मेल्या, मग हे सांगायचं सोडून वाघ काय, पापणी काय!" तांडेलानं माझ्या पाठीत असा दणका घातला की आरे-वारेच्या किनाऱ्यापर्यंत ऐकू गेला असेल. "रविवारी तूच. धुराचे सगळे डबे तुझ्याकडे."

"व्हिडिओ सुधारून टाकू का?"

"हात लावशील तर बघ!" तिघं एकदम ओरडली. दादानं तो तोवर रिक्षा स्टँडच्या ग्रुपवर टाकलासुद्धा होता.