बांग ओक-हीने भाषणाचा कागद घडी घालून ठेवला

दक्षिण कोरियातल्या इक्सान शहराच्या एका प्राथमिक शाळेच्या स्वयंपाकघरात ओक-ही एकोणीस वर्षं राबत होती. पाच बायकांच्या तुकडीची ती प्रमुख. रोज चारशे पोरांचं जेवण. त्या वर्षी सगळ्यांत कमी अन्न वाया घालवणारं स्वयंपाकघर म्हणून जिल्ह्याचं बक्षीस त्यांना जाहीर झालं. शाळेची तरुण आहारतज्ज्ञ यु-रिम हिने भाषण टाइप करून दिलं.

आदल्या दिवशी ओक-हीने ते सगळ्यांना वाचून दाखवलं. "माझ्या कष्टाळू सहकारी..." आणि पुढे ओळीने नावं.

ताटं धुणारी सुन-दोक म्हणाली, "ताई, हजेरी घेतेयस का? 'हजर' म्हणू?"

"मग काय बोलू?"

"कष्टाळू बैलालाही म्हणतात. मी काय केलं ते सांग की."

ओक-हीला ते पटलं. तिने नवं काही लिहिलं नाही. कोणी कोणानंतर काय केलं, त्याचा क्रम तेवढा मनाशी पक्का केला.

समारंभात तीन मिनिटं मिळाली. कागद पिशवीतच ठेवून ती माइकपुढे उभी राहिली.

"वसंतात आमचं मुळ्याचं सूप पोरं उष्ट्याच्या बादलीत ओतून द्यायची. आधी कळलं ते सुन-दोकला, कारण परत आलेली ताटं तिच्याच हाती येतात. सूप खारट आहे, म्हणाली. मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही."

लोक हसले. ती थांबली, हसू ओसरू दिलं.

"तिसऱ्या दिवशी आमच्यातल्या ग्योंग-जाने पोरांच्या ताटात सूप वाढून, निववून माझ्यापुढे सरकवलं. मी कढईतून गरम चाखत होते, पोरं कोमट खात होती. निवल्यावर ते खारटच लागत होतं. मग यु-रिम बादलीपाशी उभी राहून एकेकाला विचारायला लागली. पहिलीतलं एक पोर म्हणालं, मुळा चमच्यात मावत नाही. दुसऱ्या दिवसापासून मि-हा अर्धा तास लवकर येऊन निम्म्या आकाराचे तुकडे करायला लागली. मी तिला सांगितलं नव्हतं."

मग तिची नजर शेवटच्या खुर्चीकडे गेली. "बोक-नामचा या सुपाशी काही संबंध नाही. ती भात करते. पण आमचं सूप बिघडलं होतं तेव्हा पोरं तिच्या भातावरच वर्गात गेली."

बोक-नामने मान खाली घातली. शेजारणीने तिच्या पाठीवर थाप दिली.

"मी शेवटी मीठ कमी केलं. बक्षीस यांचं आहे, उचलायला मी आले."

खाली उतरताच एका अधिकाऱ्याने वार्तापत्रासाठी भाषणाची प्रत मागितली.

"कागद आहे, साहेब," ओक-ही म्हणाली, "पण त्यात यातलं काहीच नाही."

समारंभानंतर पाचही जणी, यु-रिमला घेऊन, नूडल्स खायला गेल्या. सुन-दोकने पहिला घास गिळला आणि म्हणाली, "दोन नाही ताई, चार दिवस बोलली नव्हतीस."

"तीन मिनिटांत दोनच बसत होते," ओक-ही म्हणाली, आणि किमचीची वाटी तिच्याकडे सरकवली.