भिंगारच्या समाजमंदिरातल्या नऊ खुर्च्या

त्या दुपारी आठवायला लागले की आधी उजेडच आठवतो. समाजमंदिराच्या उंच झरोक्यांतून तो तिरका खाली यायचा आणि शहाबादी फरशीवर हळूहळू सरकायचा. लष्कराच्या छावणीकडून मधूनच बिगुल ऐकू यायचा, मग पुन्हा शांतता. त्या उजेडात नऊ म्हातारी माणसं खुर्च्यांवर बसून पावलं गोल फिरवत आहेत आणि मी मधे उभी राहून आकडे मोजते आहे, असं चित्र अजूनही झोपेच्या काठावर माझ्यापुढे येतं.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. फिजिओथेरपीचं शिक्षण संपवून मी नगरच्या एका दवाखान्यात नुकतीच लागले होते. पडून हाड मोडलेली म्हातारी माणसं तिथे रोज यायची. आमच्या मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मोडल्यावर आपण सांधतोच, पण पडू नये म्हणून काही करता येतं का बघ. त्यांनीच नगरजवळच्या भिंगारच्या समाजमंदिराची आठवड्यातल्या दोन दुपारांची परवानगी मिळवली. वर्ग कसा घ्यायचा, ते मी एका वहीत मिनिटामिनिटानं लिहून काढलं. आधी बसून अंग मोकळं करायचं, खांदे, मान, घोटे. मग बसल्या बसल्या पावलं उचलायची, गुडघा सरळ करायचा. मग खुर्चीतून उठणं-बसणं दहा वेळा. शेवटी खुर्चीची पाठ धरून टाचा उचलायच्या आणि वजन या पायावरून त्या पायावर न्यायचं. वही मला फार सुंदर वाटत होती.

पहिल्या दिवशी समाजमंदिराच्या राखणदारानं लग्नातल्या लोखंडी घडीच्या खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. मी एकीवर रेलून पाहिलं तर ती सरकली आणि मिटायला लागली. मी त्या सगळ्या परत पाठवल्या. मग शेजारच्या शाळेतून लाकडी, बिनहाताच्या, जड खुर्च्या आणल्या आणि त्यांच्या पाठी भिंतीला टेकवल्या. उभं राहायच्या वेळी त्या फिरवून बसायची बाजू भिंतीला लावायची, म्हणजे धरल्यावर हलत नाहीत, हे त्या दिवशीच ठरलं. वहीत यातलं काहीच नव्हतं.

आलेल्यांत एक निवृत्त हेडक्लार्क होते. पांढरंशुभ्र धोतर, हातात छत्री. ते घरी न्हाणीघरात एकदा घसरले होते. आणि एक आजी होत्या, खर्ड्याकडच्या. शेतकरी घरातल्या. मुलगा लष्कराच्या गोदामात नोकरीला होता, तो त्यांना टांग्यातून घेऊन यायचा. आजी दोन्ही हात मुलाच्या खांद्यावर टाकून आत आल्या आणि खुर्चीत बसल्यावर तिची कड घट्ट धरून ठेवली.

पावलं, घोटे, गुडघे सगळ्यांनी केलं. आजींनीही केलं. नऊवारीचा काठ जरा वर खोचून त्या इतक्या नेमानं पाय उचलत होत्या की मला वाटलं, ही बाई सगळ्यांच्या पुढे जाईल. पण उठायची वेळ आली आणि त्या जागच्या हलल्या नाहीत. मी सांगितलं, पुढे सरका, पावलं मागे घ्या, नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं वाका आणि उठा. त्या वाकल्या आणि तशाच थांबल्या. मी घाईनं त्यांचे हात धरून ओढायला गेले, तर त्यांचे डोळे भरून आले. मग मुलानंच मला बाजूला घेऊन सांगितलं. गावी असताना त्या घरात पडल्या होत्या. सगळी माणसं शेतावर होती. हाड मोडलं नाही, पण सकाळपासून दिवस कलेपर्यंत त्या जमिनीवर तशाच पडून होत्या. तेव्हापासून त्या बाजेवरून उतरत नव्हत्या.

त्या संध्याकाळी मला वहीकडे बघवलं नाही.

पुढच्या वर्गाला हेडक्लार्क छत्रीबरोबर काखेत एक गोधडी घेऊन आले. त्यांच्या पत्नीला पलंगावरून उठताना त्रास व्हायचा तेव्हा ते खाली गादी घालून पलंग उंच करत, असं त्यांनी संकोचत सांगितलं. खुर्ची उंच केली तर या आजीबाईंना जमेल का? मला स्वतःला हे सुचायला हवं होतं. मी गोधडीच्या घट्ट चार घड्या घातल्या, सरकू नयेत म्हणून सुतळीनं खुर्चीला बांधल्या आणि आजींना बसवलं. पडल्यापासून त्यांचा एक पाय दुबळा होता, त्या बाजूला मी उभी राहिले, हात न लावता. त्या वाकल्या, तोंडातून श्वास सोडला आणि उठल्या. लगेच चालायचं नाही, चक्कर येते का बघायचं, म्हणून मी पाचपर्यंत मोजलं. मग खुर्ची पोटऱ्यांना लागेपर्यंत मागे सरकून त्या सावकाश बसल्या. बसताना धप्पकन पडायचं नाही, हेच त्यातलं अवघड काम. दहा नाही, तीनच वेळा झालं. मला ते पुष्कळ वाटलं.

आठवडे तसेच गेले. घड्या चारच्या तीन झाल्या, तीनच्या दोन. खुर्चीची पाठ धरलेला आजींचा पंजा सैल होत होत चार बोटांवर आला, मग दोन. कधी कधी सगळे एका लयीत टाचा उचलत आणि खाली ठेवत, तेव्हा ती अख्खी खोलीच श्वास घेते आहे असं मला वाटायचं.

पण दोन बोटांवर येऊन आजी अडल्या. ती दोन बोटं काही केल्या सुटेनात. मी एकदा त्यांच्या शेजारी बसून विचारलं, अजून कशाची भीती वाटते?

त्यांनी पायाखालच्या फरशीकडे बोट दाखवलं. मग म्हणाल्या, "पोरी, तू उभं राहायला शिकिवलंस. पर पडल्यावं उठायचं कसं, ते कुनीच सांगत न्हाई."

मी पदर खोचला आणि फरशीवर आडवी झाले. दवाखान्यात शिकवलेलं मला आठवत होतं, पण ते म्हातारीच्या अंगानं करून दाखवायचं होतं. आधी घाई न करता पडून राहायचं, कुठे फार दुखतं का ते बघायचं. दुखत असेल तर हलायचं नाही, हाक मारायची. नसेल तर कुशीवर वळायचं, कोपरावर, मग गुडघ्यांवर. रांगत जवळच्या खुर्चीपर्यंत किंवा बाजेपर्यंत जायचं. दोन्ही हात तिच्यावर ठेवायचे, चांगला पाय पुढे घ्यायचा, हातांनी रेटा देऊन उठायचं आणि वळून बसायचं. मी रांगताना सगळे हसले. आजीही हसल्या, त्या वर्गात पहिल्यांदा.

गुडघ्यांखाली तीच गोधडी घालून, मी आणि मुलगा दोन्ही बाजूंनी असताना, त्यांनी ते टप्प्याटप्प्यानं शिकून घेतलं. चार वर्ग गेले त्यात. पाचव्या वर्गाला त्यांनी टाचा उचलल्या तेव्हा मी सवयीनं त्यांच्या हाताकडे पाहिलं. दोन्ही बोटं खुर्चीपासून वेगळी होती, हवेत, अगदी जवळ. त्यांना ते कळलंही नव्हतं. मी मोजत राहिले. आवाज बदलू नये म्हणून मला फार जपावं लागलं.

हिवाळ्यात एका दुपारी त्या टांग्यातून उतरून मुलाचा एकच हात धरून आल्या. कपाळावर खरचटल्याची खूण होती. मी घाईनं पुढे गेले. आजी मात्र खुर्चीत नीट बसल्या, पदर सारखा केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "काल पडले हुते. घरात कुनी न्हवतं. उठले."

हेडक्लार्कांनी मान हलवली, छत्री भिंतीशी उभी केली, आणि आम्ही घोट्यांपासून सुरुवात केली.